पेनीनं आधी विचारायला हवं होतं का?

माझ्या बहिणीची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी ऊन उतरेपर्यंत तिला माझा लॅपटॉप मिळायचा आणि त्यावर ती ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ खेळायची. एका दुपारी तिचा माऊस बराच वेळ हलेना, म्हणून मी मागे जाऊन उभी राहिले.

पडद्यावर खेळातलं गाव होतं. व्हीलचेअरवरचे जॉर्ज नावाचे आजोबा घराबाहेरच्या पत्रपेटीत हात घालत होते. पत्र पार आत गेलेलं, हात पोचत नव्हता. तेवढ्यात गावातल्या मुलांना शिकवणारी पेनी आली. तिनं मागून त्यांची खुर्ची बाजूला सारली, पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. आजोबा भडकले. मला जमलं असतं, तुला कुणी सांगितलं होतं, असा एकूण सूर. मग त्यांचं लक्ष खेळणाऱ्याकडे गेलं आणि खेळानं खेळणाऱ्यापुढे उत्तरं मांडली. पेनीला शाबासकी द्यायची, की तिनं आधी विचारायला हवं होतं असं म्हणायचं, की म्हातारपण कसं वाटत असेल असा नुसता विचार बोलून दाखवायचा?

“मावशी, पेनी चांगलंच वागली ना? मग आजोबा चिडले कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी आई मात्र पलीकडे कॉटवर बसली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालते. भाचीनं तिला सगळी गोष्ट सांगितली. आई म्हणाली, “मला न विचारता कुणी माझा वॉकर सरकवला, तर तोच उचलून त्याच्या डोक्यात घालीन.” भाची हसली, मग गप्प झाली. परत पडद्याकडे वळून म्हणाली, “कुठल्या उत्तराला जास्त हृदयं मिळतात, ते नेटवर बघू का?”

पहिला प्रश्न आणि हा दुसरा प्रश्न यांत जेमतेम दहा मिनिटांचं अंतर होतं. आयुष्याची नक्कल करणाऱ्या खेळांतून मुलांना दुसऱ्याचं मन कळायला लागतं, असं हल्ली बरंच ऐकू येतं. कळतं की नाही, याचं उत्तर मला या दोन प्रश्नांच्या मधे कुठेतरी दिसतं.

तशी ही जात आपल्याला नवी नाही. भातुकली दुसरं काय आहे? फरक एवढाच, की भातुकलीत साखर संपली की संपली असं म्हणणारं कुणी नसतं. कॉम्प्युटरच्या खेळात हिशेब यंत्राकडे असतो आणि ते गय करत नाही. या प्रकाराला जगभर नाव मिळालं ते २००० साली आलेल्या ‘द सिम्स’मुळे. तो करणाऱ्या विल राइटचं घर १९९१च्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं. संसार पुन्हा उभा करताना कुठली वस्तू आधी घ्यायची आणि का, या विचारातून खेळाचं बी पडलं. त्यातल्या माणसांना भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा आठ गरजा असतात आणि त्या सतत उतरत जातात. गंमत म्हणजे, कशानं काय भागेल हे माणसाला ठाऊक नसतं, ते वस्तूंना ठाऊक असतं. फ्रीज जणू हाक मारत असतो, “भूक लागली असेल तर इकडे ये.” पलंगही हाक मारतो, टीव्हीही मारतो. ज्या वेळी जी गरज खाली गेलेली, तिची हाक मोठी ऐकू येते आणि माणूस तिकडे चालू लागतो. टीव्हीपुढे बसून जेवण राहून गेलेल्या मुलाला हे समजवावं लागत नाही. (हीच मुलं त्या माणसांना पोहायला उतरवून तलावाची शिडी काढून घेतात, हेही सांगायला हवं. पहिल्या ‘सिम्स’मध्ये माणसं त्यानं बुडून मरत. नक्कल हातात आली की कळवळाच येतो असं नाही.)

‘स्टारड्यू व्हॅली’ त्यामानानं शांत खेळ आहे. एरिक बॅरोन या तरुणानं तो चारेक वर्षं खपून एकट्यानं बनवला आणि २०१६ साली आणला. एकदा विकत घेतला की संपलं. मधे जाहिराती नाहीत, आणि ‘आता एवढे पैसे भरा’ असंही नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती खेळ देताना मी ही गोष्ट सगळ्यात आधी बघते, कारण जो खेळ स्वतःच मुलाच्या खिशावर डोळा ठेवून आहे, तो पैशाचा विचार कसला शिकवणार?

यात आजोबांचं पडीक शेत तुमच्याकडे येतं. हातात ५०० नाणी आणि भेट मिळालेली पार्सनिपची १५ बियाणी असतात. पार्सनिप म्हणजे गाजराचा पांढरा चुलतभाऊ. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला तुम्ही असाल तिथे कोसळता. ऋतू २८ दिवसांचा. भाचीनं पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन भाव पाहिले. पार्सनिपचं बी २०ला, चार दिवसांत तयार, विक्री ३५. फ्लॉवरचं बी ८०ला, बारा दिवस लागतात, विक्री १७५. तिनं मनात वजाबाकी केली. एकात १५ सुटतात, दुसऱ्यात ९५. झालं. ४८० नाण्यांची सहा फ्लॉवरची बियाणी घेतली, वर भेटीचे पार्सनिप लावले आणि झारी घेऊन कामाला लागली.

पाचव्या दिवशी पार्सनिप निघाले. त्यांचे सव्वापाचशे आले. तिनं त्यांचीही सहा फ्लॉवरची बियाणी घेतली. आता ही रोपं अठराव्या दिवशी तयार होणार होती. मधल्या काळात तिच्याकडे दाणापाण्यापुरते पैसे. गावाच्या वाटेवर उगवलेलं काहीबाही गोळा करून ती विकायची.

तेराव्या दिवशी गावात अंड्यांचा उत्सव असतो. त्या उत्सवातल्या दुकानात स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १००ला एक. वसंत ऋतूत ते दुसरीकडे कुठे विकत मिळत नाही. ते एकदा लावलं की आठव्या दिवशी फळ धरतं आणि पुढे दर चार दिवसांनी पुन्हा. एक फळ १२०ला जातं. म्हणजे त्याच रात्री लावलं तर ऋतू संपायच्या आत दोन तोडे हाती लागतात. भाचीचे पहिले सहा फ्लॉवर बरोबर तेराव्या दिवशी सकाळी तयार झाले. तिनं ते विक्रीच्या पेटीत टाकले आणि उड्या मारत उत्सवाला गेली. पण पेटीतल्या मालाचे पैसे मिळतात दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि रोख देणारं गावातलं दुकान उत्सवामुळे बंद. शेतात एक हजार पन्नासचा माल पिकलेला, आणि उत्सवात बाईसाहेबांच्या हातात एका बियाण्याचेही पैसे नाहीत!

ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी १०५० नाणी जमा झाली, पण स्ट्रॉबेरी पुढच्या वसंतावर गेली. संध्याकाळी तिनं हे तिच्या बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचं वडिलोपार्जित उसाचं थोडं शेत आहे. ते म्हणाले, “कारखान्याचं बिल येईपर्यंत आपलं असंच होतं.” फायदा किती सुटतो हे एक आणि पैसा कधी हातात येतो हे दुसरं, हा फरक त्या दिवशी तिच्या डोक्यात बसला. पुढच्या ऋतूत तिनं शेताचे दोन भाग केले. एकात लवकर येणारं पीक, दुसऱ्यात उशिराचं. मी काही सांगितलं नव्हतं.

रोजचे निर्णय घ्यायला हे खेळ शिकवतात, ते इतपत तरी मला पटलं आहे. चूक फुकटात होते, तिचा परिणाम दहा-बारा दिवसांनी का होईना पण दिसतो, आणि कुणी ओरडत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चूक झाल्याबरोबर खेळ बंद करून आदल्या सकाळपासून पुन्हा सुरू करता येतो, कारण खेळ जतन होतो ते झोपताना. भाचीला ही युक्ती ठाऊक होती. स्ट्रॉबेरीच्या दिवशी तिनं ती वापरली नाही, कारण खरी चूक बारा दिवस मागे होती आणि तिथवर परत जायचा रस्ता नव्हता.

माणसांचं मन कळण्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. या खेळात गावातल्या प्रत्येकाशी असलेली तुमची दोस्ती हृदयांत मोजतात. २५० गुणांचं एक हृदय. आठवड्यातून एकाला दोनदा भेट देता येते आणि वाढदिवसाला दिलेली भेट आठपट मोलाची ठरते. भाचीनं यासाठी वही घातली होती. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला काय आवडतं, कोण कुठल्या वारी कुठे भेटतो. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं. तीस-बत्तीस माणसांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणं ही लहान गोष्ट नाही, आणि आपल्यापैकी कितीजणांना शेजाऱ्याचा वाढदिवस माहीत असतो? पण वही वाचली तेव्हा ती मला वाण्याच्या खतावणीसारखी वाटली. लायनसपुढे लिहिलं होतं, “सुरण द्यायचा. लगेच खूश.”

लायनस हा गावाबाहेर तंबूत राहणारा माणूस. एका रात्री तो लोकांच्या कचरापेट्या धुंडाळताना दिसतो. जॉर्ज आजोबा त्याला हाकलतात. पुढे खाणावळीच्या पेटीपाशी मालक गस बाहेर येतो आणि भूक लागली तर माझ्याकडे माग, असं सांगून त्याला खायला देतो. हे दृश्य भाचीनं पाहिलं होतं आणि पुढे गेली होती. मग एकदा पैशांच्या तंगीत तिनं स्वतःच कचरापेटीत हात घातला, कारण त्यात कधीकधी उपयोगाची वस्तू सापडते. जवळून जाणाऱ्या बाईनं ते पाहिलं, किळस आल्यासारखं बोलली आणि तिच्याशी असलेली दोस्ती घसरली. भाचीचा चेहरा लाल झाला. “मला खरंच गरज होती!” ती पडद्याला म्हणाली. असं कुणी पाहिल्यावर गावातला फक्त एक माणूस नाराज होत नाही, उलट त्याची दोस्ती किंचित वाढते. तो लायनस. हे तिच्या ध्यानात आलं, त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, “तो तंबूत का राहत असेल?” वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.

मूल ‘याला काय दिलं की काम होईल’ असं विचारतं, की ‘हा असा का’ असं विचारतं, यावर मी कान ठेवते. दुसरी कुठली मोजपट्टी माझ्याकडे नाही.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आणखी एक खेळ खेळलो. त्याचं नाव ‘स्पेंट’. अमेरिकेतल्या डरहॅम शहरात बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहॅम’ या संस्थेसाठी मॅकिनी या जाहिरात कंपनीनं तो २०११ साली बनवला. नोकरी गेली, घर गेलं, शिल्लक १००० डॉलर. महिना काढून दाखवा. आधी नोकरी निवडायची, वेटरची, गोदामातली किंवा कचेरीतली हंगामी. कचेरीची हवी तर टायपिंगची परीक्षा द्यावी लागते. मग घर. शहरापासून लांब गेलात तर भाडं कमी पण पेट्रोल जास्त. मग दिवसामागून दिवस प्रश्न येत राहतात. शाळेत मुलाला फुकट जेवण मिळू शकतं, पण त्याला इतरांसमोर लाज वाटते, काय करायचं? पाळीव जनावर आजारी आहे, उपचाराला पैसे आहेत का? काही प्रश्न लहान मुलाला जड जातात, म्हणून शेजारी मोठं माणूस बसलेलं बरं.

भाचीनं पहिल्या खेपेला अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी मान टाकली. दुसऱ्या खेपेला तिसावा दिवस गाठला आणि हातात थोडे डॉलरही उरले. खुर्चीवरून उठत म्हणाली, “नीट विचार केला तर जमतं की. लोक उगाच उधळतात.”

मी चरकले, पण आश्चर्य वाटलं नाही. येल विद्यापीठातल्या जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच खेळ मोठ्या माणसांना देऊन पाहिला होता. २०१६ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. खेळल्यानं गरिबांविषयीची आपुलकी वाढली नाही. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे मिळतं, असं मानणाऱ्यांच्या बाबतीत तर परिणाम उलटा व्हायची चिन्हं होती. कारण खेळाच्या घडणीतच आहे. खेळात प्रत्येक गोष्ट तुमच्या बोटाखाली असते. तुम्ही निवडता, मग घडतं. त्यामुळे गरिबी हीसुद्धा निवडीचा खेळ वाटायला लागते. मी निभावलं, मग त्यांना का जमू नये? खऱ्या तंगीत निवडायला मिळतच नाही, हीच तर तंगी असते. त्याच संशोधनात काहींनी स्वतः न खेळता दुसऱ्याचा खेळ नुसता पाहिला, आणि अशा पाहणाऱ्यांतल्या काहींचं मन मात्र गरिबांकडे झुकलेलं आढळलं.

हे वाचलेलं आठवलं आणि मी आईला लॅपटॉपपुढे बसवलं. भाची दुभाषी. प्रश्न वाचून दाखवायचा, आज्जी सांगेल ते बटण दाबायचं, स्वतःचं मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम पाळताना तिची तारांबळ उडाली. आज्जीनं जनावराच्या उपचाराला पैसे दिले तेव्हा ती ओरडलीच, “अगं आज्जी, भाडं कुठून भरशील?” आई म्हणाली, “ते बघू. मुकं जनावर आहे.” बाविसाव्या दिवशी आज्जीचे पैसे संपले. “पण आज्जीनं काहीच उधळलं नाही,” भाची हळू आवाजात म्हणाली. स्वतःच्या पराभवात तिला तिची चूक दिसली होती. आज्जीच्या पराभवात तिला आज्जी दिसली.

आई मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसली होती. “ही बाई इतकी एकटी कशी? हिला शेजार नाही? वाणी वहीवर देत नाही? भिशी नाही?” मी सांगितलं, की खेळात मित्राकडे मदत मागायची सोय आहे, पण ती जुजबी आहे. “मग ज्यानं हा खेळ केला त्यानं आमची चाळ पाहिलेली नाही,” आईनं निकाल दिला. त्यावर भाचीचे डोळे चमकले. कुठलाही असा खेळ म्हणजे कुणीतरी केलेला अंदाज आहे, जग असं चालतं असा, आणि तो अंदाज चुकलेला किंवा अपुरा असू शकतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं असावं. तिनं कपाटातून कार्डशीट काढली.

दोन दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर तीस घरांचा महिना तयार झाला. कुटुंबाची मिळकत १५,००० रुपये, भाडं ४,५००, पगार एक तारखेला. या रकमा आईनं आणि तिनं भांडून ठरवल्या. फासा टाकायचा, त्या घरावर जायचं, चिठ्ठी उचलायची. गॅस संपला. वाण्याची वही, पण १,५०० रुपयांवर उधारी बंद. भिशीचा नंबर लागला. गावाकडून पाहुणे आले, चार दिवस राहणार. आणि माझ्या आग्रहावरून एक नियम घातला. सहा चिठ्ठ्यांपैकी दोनच चिठ्ठ्यांवर निवड करता येईल, बाकी चारांवर जे लिहिलंय ते घडणार. भाचीला हा नियम अजिबात आवडला नाही. “मग खेळणारा करणार काय?” तिनं विचारलं. तिच्या दृष्टीनं तो प्रश्न रास्त होता.

आईनं एक चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली. ‘शेजारीण आमटीची वाटी घेऊन आली.’ भाचीनं पेन्सिल उचलली. “किती रुपये जमा धरू, आज्जी? वीस?”

“त्याचे पैसे नसतात लिहायचे.”

“मग काहीच नाही लिहायचं?”

“असं कसं? वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही.”

“म्हणजे उधारीच की ती! किती दिवसांत फेडायची?”

“उधारी कसली,” आई म्हणाली, “तिला विचार, ती म्हणेल वाटी राहू दे तुझ्याकडेच.”

भाची बराच वेळ हिशेबाच्या कागदाकडे बघत राहिली. जमा आणि खर्च असे दोन रकाने तिनं पट्टीनं आखले होते. मग तिनं कडेला तिसरा आखला, वर नाव काय द्यायचं ते तिला सुचेना, म्हणून तिनं तिथे नुसती एक छोटी वाटी काढली.